थ्रीडीतला ओटा, फुटपट्टीवर

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिल्या महिन्याभरात घरात तीन रंगीत चित्रं येतात. मॉड्युलर किचनवाल्याने पाठवलेले थ्रीडी, म्हणजे रेंडर. एकात एल आकाराचा ओटा, दुसऱ्यात समोरासमोर दोन ओटे, तिसऱ्यात यू. तिन्हींत ऊन खिडकीतून तिरपं येतं, ओट्यावर एक फळांची टोपली आणि कोपऱ्यात तुळशीसारखं काहीतरी हिरवं. घरातली मंडळी मोबाइल हातोहात फिरवतात आणि चर्चा रंगाकडे वळते: खालच्या ट्रॉल्या हिरव्या की राखाडी, लॅमिनेट चकचकीत की मॅट. रंग पाच वर्षांनी बदलता येतो. शेगडी, सिंक आणि फ्रिज यांच्या जागा मात्र एकदा नळ, सांडपाण्याचा पाइप आणि गॅसची लाइन भिंतीत गेली की फोडाफोडीशिवाय हलत नाहीत. म्हणून रेंडरची तुलना करायची तर ती या तीन जागांपासून, आणि त्यांच्या मधे उरणाऱ्या मोकळ्या दगडापासून.

यासाठी एक खोली नमुन्याला घेऊ. आत आठ फूट रुंद, दहा फूट लांब. राष्ट्रीय बांधकाम संहितेत स्वतंत्र जेवणाची जागा असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि किमान १.८ मीटर रुंद हवं. ही खोली साधारण ७.४ चौरस मीटर भरते, म्हणजे अडचणीची नाही आणि ऐसपैसही नाही. पुण्या-पिंपरीकडच्या टू बीएचकेत अशी खोली ओळखीची वाटेल. दार एका आखूड भिंतीच्या मधोमध, तीन फुटांचं. आत शिरल्यावर डावी आणि उजवी या दोन्ही दहा फुटी भिंती कोऱ्या. समोरच्या भिंतीत डाव्या टोकाला ड्राय बाल्कनीचं अडीच फुटी दार आणि उरलेल्या साडेपाच फुटांत खिडकी. सांडपाण्याच्या पाइपाचं तोंड खिडकीखाली, उजव्या अंगाला. ओटा नेहमीसारखा दोन फूट खोल.

तिसरं चित्र आधी बाजूला ठेवू, कारण त्याला फार वेळ लागत नाही. यू आकारात समोरची अख्खी भिंत ओट्याने व्यापली आहे आणि चित्रात बाल्कनीचं दार दिसतच नाही. वॉशिंग मशीन तिथे, भांडी घासायची मोरी तिथे, आणि बाल्कनीत जायचा दुसरा रस्ता घरात नाही. डिझायनरने साच्यातलं मॉडेल उचलून खोलीच्या मापात ताणून बसवलं की असं होतं. रेंडर हातात आल्यावर पहिलं काम हेच: दारं, खिडक्या, बीम आणि खांब जिथे आहेत तिथेच काढले आहेत का, हे खोलीत उभं राहून ताडून बघणं.

दुसरी सावधगिरी कॅमेऱ्याबद्दल. आठ फुटी खोलीत उभ्या माणसाला तीन भिंती एका नजरेत पुरत्या दिसत नाहीत. रेंडरमध्ये त्या दिसतात, कारण सॉफ्टवेअरमध्ये पाठीमागची भिंत लपवून कॅमेरा थेट बाहेर, जेवणाच्या टेबलाजवळ नेता येतो आणि लेन्सही रुंद ठेवता येते. रुंद लेन्समुळे जवळच्या कडा ताणल्या जातात आणि ओटा लांबलचक भासतो. यात फसवणूक असतेच असं नाही. चित्र तसंच काढावं लागतं. पण त्यावरून जागेचा अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी मापं टाकलेला वरून दिसणारा नकाशा आणि प्रत्येक भिंतीचं समोरून दिसणारं रेखाटन मागायला हवं. डिझायनरकडे ते असतंच, कारण कारखान्यात ट्रॉल्या त्याच मापांवर कापल्या जातात.

चालण्याच्या रेघा कागदावर काढून स्वयंपाकघर तपासायची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी १९१२ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ मासिकात घरकामावर लेखमाला लिहिली. कारखान्यातल्या कामाचे टप्पे मोजायची पद्धत त्यांनी घरात आणली. स्वयंपाक करताना बाई कुठून कुठे जाते, आवरताना कुठून कुठे जाते, याच्या रेघा त्यांनी दोन आराखड्यांवर काढून दाखवल्या: एकीकडे रेघांचा गुंता, दुसरीकडे सरळ ओळ. त्यांचं लेखन जर्मन भाषेत गेलं आणि वास्तुरचनाकार मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांच्या हाती पडलं. रेल्वेच्या भोजनयानातली इवलीशी स्वयंपाकघरंही त्यांनी अभ्यासली होती. १९२६ मध्ये त्यांनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी सुमारे १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर रचलं, आणि तशी सुमारे दहा हजार बसवली गेली. आजच्या मॉड्युलर किचनची ही आजी. तिच्यावर एक आक्षेप तेव्हापासून आहे: तिथे एकच बाई काम करू शकते. आपल्याकडे सणाला दोघी-तिघी ओट्याशी असतात, तेव्हा तो आक्षेप लगेच पटतो.

शेगडी, सिंक आणि फ्रिज यांना जोडणारा त्रिकोण नंतर आला. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९४० च्या दशकात घरबांधणीवर जे काम झालं त्यातून तो रूढ झाला. नियम सोपा आहे: त्रिकोणाची प्रत्येक बाजू चार ते नऊ फूट, तिन्हींची बेरीज तेरा ते सव्वीस फूट, आणि घरातल्यांची ये-जा त्या त्रिकोणातून शक्यतो होऊ नये. प्रत्येक डिझायनरच्या तोंडी आज हा त्रिकोण असतो. तो उपयोगी आहे. मात्र तो पाय मोजतो, हात मोजत नाही. धुतलेली पालेभाजी कुठे चिरायची, पोळपाट कुठे मांडायचा, मिक्सर कुठे फिरवायचा, याचं उत्तर त्या तीन रेघांत नाही. आपल्या स्वयंपाकाचा वेळ तर तिथेच जातो.

आता पहिलं रेंडर, एल आकाराचं. उजव्या भिंतीवर दाराजवळ फ्रिज. त्याला दोन्हीकडची हवा धरून अडीच फूट दिले आहेत. पुढे दीड फूट ओटा, मग भिंतीच्या जवळपास मधोमध अडीच फुटांची शेगडी आणि वर चिमणी, मग पुन्हा दीड फूट, मग कोपरा. वळून समोरच्या भिंतीवर अर्धा फूट सोडून दोन फुटी सिंक, आणि बाल्कनीच्या दाराआधी फूटभर जागा. डावी भिंत रिकामी, तिच्यावर दोन शोभेच्या फळ्या. चित्र देखणं आहे, कारण चिमणी मधोमध आहे आणि सिंकसमोर खिडकी आहे.

त्रिकोण मोजला तर फ्रिज ते शेगडी चार फूट, शेगडी ते सिंक जेमतेम तीन, सिंक ते फ्रिज जवळपास सात. बेरीज चौदा. एक बाजू जरा आखूड, बाकी उत्तीर्ण. ओट्याची एकूण लांबी अकरा फूट. त्यातून शेगडी आणि सिंक वजा केले तर साडेसहा फूट मोकळे. आकडा वाईट नाही. इथेच बहुतेक घरांचा निर्णय होऊन जातो.

पण ते साडेसहा फूट सलग नाहीत. ते दीड, दीड, कोपऱ्यातले दोन, अर्धा आणि एक अशा पाच तुकड्यांत आहेत. आता चित्रात नसलेल्या वस्तू एकेक करून ठेवू. मायक्रोवेव्ह साधारण वीस इंच रुंद. तो फ्रिज आणि शेगडीमधल्या अठरा इंचांत बसत नाही, म्हणून कोपऱ्यात जातो आणि कोपरा संपतो. मिक्सरला फूटभर जागा आणि जवळ प्लग लागतो. तो शेगडी आणि कोपऱ्यामधल्या दीड फुटात. धुतलेली भांडी निथळायची जाळी दीड फुटाची. सिंकच्या डावीकडे फूटच आहे, म्हणजे ती बाल्कनीच्या वाटेत डोकावणार. उरला फ्रिजजवळचा दीड फूट.

त्यावर पोळ्या करून बघू. पोळपाट दहा-अकरा इंचांचा. कणकेची परात बारा-चौदा इंचांची. पिठाचा डबा, तेलाची वाटी, आणि तव्यावरून उतरलेली पोळी ठेवायला कापड घातलेला डबा. ही मांडणी सुटसुटीत हवी तर शेगडीला लागून अडीच फूट तरी लागतात. दीड फुटात पोळपाट आणि परात शेजारी मावत नाहीत. मग परात मागे सरकते, प्रत्येक गोळ्यासाठी हात पोळपाटावरून पलीकडे जातो, पोळ्यांचा डबा शेगडीच्या दुसऱ्या बर्नरवर चढतो आणि त्या बर्नरवरची भाजी थांबते. त्रिकोण चौदा फुटांचा सुबक असूनही हे होतं. अमेरिकेतली नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशन आपल्या मार्गदर्शक सूत्रांत सिंकला लागून सलग तीन फूट तयारीची जागा सुचवते. पोळ्यांचा विचार त्यात नसला तरी सलग या शब्दावरचा भर योग्यच आहे. या रेंडरमध्ये असे तीन फूट कुठेच नाहीत.

साठवणीतही कोपरा महाग पडतो. एलच्या कोपऱ्याखालची दोन बाय दोन फुटांची जागा समोरून उघडत नाही. तिच्यासाठी मॅजिक कॉर्नर नावाची बाहेर सरकणारी जाळी मिळते, पण ती साध्या ट्रॉलीपेक्षा बरीच महाग पडते आणि तिच्यात मावतंही कमीच. शिवाय कोपऱ्याच्या दोन्हीकडे पट्टी सोडावी लागते, नाहीतर एका ट्रॉलीचं हँडल दुसरीला अडतं. अकरा फुटांतून कोपऱ्याचे दोन, सिंकखालचे दोन आणि सिलिंडरचा दीड फूट काढला की सरळ बाहेर येणाऱ्या ट्रॉल्यांना साडेपाच फूट उरतात. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, तो उभाच ठेवायचा असतो, आणि रेंडरमध्ये त्याचं कपाट सहसा दिसत नाही. पाइपचा गॅस आला असेल तर तेवढी जागा सुटते.

या चित्रातला फ्रिजही तपासण्यासारखा आहे. बहुतेक फ्रिजच्या बिजागऱ्या उजव्या हाताला असतात, आणि इथे उजव्या हाताला दाराची भिंत आहे. फ्रिज भिंतीला चिकटला तर दार काटकोनापर्यंतच उघडतं आणि आतले भाजीचे खण दाराला अडून पुरते बाहेर येत नाहीत. तीन-चार इंचांची फट ठेवली तर सुटतं. रेंडरमधला फ्रिज कायम बंद असल्यामुळे हे लक्षात येत नाही, म्हणून नकाशावर त्याच्या दाराचा कंस काढून मागावा.

दुसरं रेंडर समांतर ओट्यांचं. चित्र म्हणून ते फिकं पडतं. अरुंद बोळासारखं वाटतं, आणि बहुतेक घरांत ते आधी नाकारलं जातं. उजवीकडे अख्खा दहा फुटी ओटा, मधोमध शेगडी. डावीकडे दाराजवळ फ्रिज, पुढे साडेचार फूट ओटा आणि त्याच्या टोकाकडे सिंक. नंतर बाल्कनीत जायला तीन फूट मोकळे. दोन ओट्यांमध्ये चार फुटांची वाट, फ्रिजसमोर ती तीन इंच कमी. खालची ट्रॉली पूर्ण ओढली की ती साधारण वीस इंच बाहेर येते, तरीही मागून एक माणूस जाऊ शकतो.

आकडे मात्र इथे एकदम बदलतात. त्रिकोण पावणेचौदा फुटांचा. मोकळा ओटा दहा फूट, आणि त्यात शेगडीच्या एका बाजूला चार फूट सलग, दुसऱ्या बाजूला साडेतीन. कोपरा एकही नाही. सिंक आणि सिलिंडर वजा जाता ट्रॉल्यांना अकरा फूट, म्हणजे एलच्या दुप्पट. समोरच्या खिडकीखाली ओटा नसल्यामुळे ती उघडायला कुणाला ओट्यावर ओणवं व्हावं लागत नाही.

तरीही ते जसंच्या तसं घेण्यासारखं नाही. सिंक एका भिंतीला आणि शेगडी दुसऱ्या, म्हणजे धुतलेले तांदूळ, निथळती भाजी, पेज काढायचं पातेलं, सगळं वाटेवरून पलीकडे न्यायचं. फरशीवर पाण्याचे थेंब पडत राहतात आणि व्हिट्रिफाइड टाइल ओली झाली की पाय सरकतो. शिवाय कपडे घेऊन बाल्कनीत जाणारा प्रत्येक जण शेगडी आणि सिंकच्या मधून जातो. हातात गरम पातेलं घेऊन वळणारीला तो दिसत नाही. त्रिकोणाच्या नियमातली ये-जा टाळायची अट इथे मोडते, आणि तीही सर्वांत धोक्याच्या बाजूवर.

यावर उपाय रेंडर बदलण्याचा नाही, त्यातल्या दोन वस्तू हलवण्याचा आहे. सिंक डावीकडून उचलून उजव्या ओट्याच्या खिडकीकडच्या टोकाला न्यायचं. सांडपाण्याच्या पाइपाचं तोंड तसंही त्याच अंगाला आहे, त्यामुळे पाइप थोडक्यात भागतो. शेगडी मधोमध न ठेवता दाराकडे सरकवायची, तिच्या अलीकडे दीड फूट ओटा ठेवून. आता उजव्या भिंतीवर क्रम असा लागतो: दीड फूट, शेगडी, साडेतीन फूट सलग ओटा, सिंक, अर्धा फूट. धुणं, चिरणं, शिजवणं एका रांगेत आलं. साडेतीन फुटांत शेगडीच्या बाजूला पोळपाट-परात मांडता येते, सिंकच्या बाजूला विळी किंवा चॉपिंग बोर्ड. अलीकडच्या दीड फुटात उतरवलेली गरम भांडी. मिक्सर, मायक्रोवेव्ह, पिठाचे डबे डावीकडच्या साडेचार फुटांत. भांड्यांची जाळी सिंकच्या वर भिंतीला.

त्रिकोण आता शेगडी ते सिंक पावणेसहा फूट, फ्रिज ते शेगडी चार, फ्रिज ते सिंक आठाच्या जरा वर; बेरीज सुमारे अठरा. म्हणजे तो पहिल्या रेंडरपेक्षा चार फुटांनी मोठा झाला, तरी स्वयंपाक सोपा झाला. मोकळा ओटा दहा फूट आणि ट्रॉल्यांची जागा अकरा फूट तेवढीच राहिली. बाल्कनीत जाणारा माणूस आता फक्त फ्रिजकडे जाणाऱ्या रेघा कापतो, आणि त्या रेघांवर गरम काही नसतं. चार फुटांच्या वाटेत एक जण शेगडीशी आणि दुसरी पाठीला पाठ लावून डावीकडे पीठ मळायला उभी राहू शकते. दोघांच्या कामासाठी वर उल्लेखलेल्या अमेरिकन सूत्रांतही अठ्ठेचाळीस इंचांचीच वाट सांगितली आहे.

फ्रिजचं एक कोडं उरतं. डाव्या भिंतीवर त्याच्या बिजागऱ्या ओट्याच्या बाजूला येतात. दार उघडलं की शेजारचा ओटा दाराआड जातो. दुधाचं पातेलं काढून ठेवायचं तर ते मागे वळून समोरच्या दीड फुटी ओट्यावर ठेवायचं. अंतर चार फुटांच्या आत असल्याने हे चालतं. दार उलट्या बाजूने बसवता येणारं मॉडेल घेतलं तर प्रश्न पुरता मिटतो.

या मांडणीची खरी किंमत चिमणीत आहे. शेगडी बाहेरच्या भिंतीपासून दूर गेली, त्यामुळे धुराच्या नळीची लांबी साडेचार-पाच फुटांवरून सात फुटांवर जाते. नळी जितकी लांब आणि वळणं जितकी जास्त, तितका ओढा कमी. नळी वरच्या कपाटांच्या माथ्यावरून सरळ न्यावी, एकाच वळणात बाहेर काढावी आणि चिमणी घेताना विक्रेत्याला ही लांबी आधी सांगावी. रोज तळण, फोडणी, मासळी असेल तर हा मुद्दा जड आहे, आणि अशा घराने शेगडी फूटभर खिडकीकडे सरकवून साडेतीनाचे अडीच फूट पत्करले तर तेही चुकीचं नाही. शेगडी अगदी खिडकीशी नेणं मात्र टाळावं. वाऱ्याने ज्योत फडफडते आणि मंद आचेवर ठेवलेला बर्नर विझू शकतो. ज्यांना स्वयंपाक पूर्वेकडे तोंड करून हवा असतो त्यांना उजवी भिंत पूर्वेची नसेल तर हीच मांडणी आरशातल्यासारखी फिरवून बघता येते, पण मग बाल्कनीचं दार वाटेत येतं आणि हिशेब नव्याने मांडावा लागतो.

एलचा आग्रह असणाऱ्यांनाही मार्ग आहे. फ्रिज डाव्या भिंतीवर नेला की उजवी भिंत पूर्ण दहा फूट मिळते, शेगडी दाराकडे सरकते आणि कोपऱ्याच्या अलीकडे चार फूट सलग ओटा तयार होतो. सिंक खिडकीसमोरच राहतं. डाव्या भिंतीवर फ्रिजपुढे फूटभर खोलीचं उंच कपाट करता येतं. किराण्याला ते दोन फूट खोल कपाटापेक्षा चांगलं, कारण एकामागे एक डबे दडत नाहीत आणि मागे राहिलेल्या रव्याला अळ्या होत नाहीत. ट्रॉल्यांना मात्र आठ फूटच मिळतात आणि कोपऱ्याचा खर्च राहतो.

कागदावर ठरलेलं खोलीत तपासायला खडू पुरतो. फ्लॅट रिकामा असतानाच फरशीवर ओट्यांच्या कडा, फ्रिजची चौकट आणि त्याच्या दाराचा कंस आखायचा. घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने तिथे उभं राहून वरण-भात, एक भाजी आणि पोळ्यांचा क्रम हातांनी करून बघायचा, दुसऱ्याने त्याच वेळी कपड्यांची बादली घेऊन बाल्कनीत जायचं. धक्का कुठे लागतो, हात कुठे अडतो, हे पंधरा मिनिटांत कळतं. घरातल्या परातीचं, कुकरचं आणि मिक्सरचं माप सोबत नेलं तर आणखी बरं.

तिथे जे ठरेल ते नकाशावर लिहून डिझायनरकडून नवं रेंडर मागवावं, आणि या वेळी ओट्यावर फळांच्या टोपलीऐवजी मिक्सर, मायक्रोवेव्ह, जाळी आणि पाण्याचा फिल्टर काढायला सांगावं. प्लगच्या जागा त्यातच नक्की होतात: डावीकडे मिक्सर आणि मायक्रोवेव्हला वेगवेगळे, फ्रिजला स्वतंत्र, सिंकशेजारी फिल्टरला एक, चिमणीला शेगडीच्या वर. हा कागद इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरच्या हाती भिंतीच्या टाइल्स लागण्याआधी पडायला हवा, आणि लॅमिनेटचा कॅटलॉग त्यानंतर उघडला तरी चालतो.